ब्रह्मदेशच्या तांदळावरची जकात

मला मामलेदार व्हायचं होतं ते एका माणसाला उभं ठेवण्यासाठी. लोककल्याण, रयतेची सेवा वगैरे मी अर्जात लिहिलं होतं, आणि ते निवड मंडळानं वाचलंही असेल. पण खरा हेतू एवढाच, की कचेरीत टेबलामागे मी बसलोय, समोर अलिबागचे एक वकील काळा कोट घालून उभे आहेत, आणि मी कागदातून डोकं वर काढत नाहीये.

या वकिलांकडे मी शाळेत असताना गुरुवारी जेवत असे. चौलच्या आमच्या चार सुपारीच्या झाडांवर आणि वडिलांच्या भिक्षुकीवर अलिबागचा खर्च निघण्यासारखा नव्हता, म्हणून सात घरी सात वार लावले होते. बाकीच्या सहा घरी जेवण मिळे. वकिलांकडे जेवणाआधी परीक्षा असे. भात वाढला, वरण वाढलं, की वकील पाटावरून विचारत, "बोल, मुंबई इलाख्याचे जिल्हे किती?" उत्तर आलं तर तूप. नाही आलं तर वकील वाढणाऱ्या आपल्या बायकोकडे बघून म्हणत, "आज ह्याला कोरडाच भात. तूप अक्कल वाढवतं, पण मुळात असावी लागते." पंगतीतली पाहुणेमंडळी हसत. शेजारच्या पाटावर वकिलांचा मुलगा बसे. तो माझ्याच वर्गात. त्याला प्रश्न नसे, तूप असे. तो बापडा हसतही नसे, नुसता जेवत असे. पण ज्याला सूड घ्यायचा असतो त्याला न हसणारा माणूसही हसल्यासारखाच दिसतो.

पुढे आम्ही दोघंही बी.ए. झालो. मामलेदारीच्या उमेदवारीसाठी दोघांनीही अर्ज केले आणि मुंबईला निवड मंडळापुढे मुलाखतीचं बोलावणं दोघांनाही आलं. दुसऱ्याच दिवशी वकिलांचा निरोप: "संध्याकाळी येत जा. आपल्याकडे तयारी चालते."

तयारी म्हणजे दिवाणखान्यात खोटं मंडळ बसे. मध्ये वकील, म्हणजे अध्यक्ष. उजवीकडे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर, तपकीर ओढणारे. समोर एकच खुर्ची, तिच्यावर उमेदवार. पहिला नंबर नेहमी माझा. मला वाटलं, मान दिला. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की मी बोलतो तेव्हा मुलगा मागे बसून ऐकतो, आणि त्याची पाळी आली की वकील तेच प्रश्न त्याला विचारतात. मध्येच थांबवून म्हणत, "तो मघाशी म्हणाला ते म्हण. फक्त इंग्रजी जरा नीट." मी म्हणजे चवीपुरतं आधी तळून बघायचं भजं.

डेप्युटीसाहेब मात्र कामाचं सांगत. "हे बघा, तुम्हाला किती येतं ते कॉलेजनं तपासलंय. मंडळ माणूस बघतं. तुमच्या अर्जातलंच विचारतील. गाव, तालुका, पीक, खारजमिनी. तिथून बाहेर नेतील. तुमच्या एका उत्तरातून पुढचा प्रश्न काढतील, म्हणून जे पेलवणार नाही ते तोंडातून काढू नका. आणि ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा. त्याला मार्क जात नाहीत."

"म्हणजे 'ठाऊक नाही' म्हणणाऱ्याला मामलेदार करतात?" वकिलांनी विचारलं.

"करतात. मला केला होता."

हा उपदेश मी ऐकला, आवडला, आणि विसरलो. कारण माझं डोकं दुसरीकडे लागलं होतं. वर्तमानपत्र दुपारच्या बोटीनं यायचं. वाचनालयात सगळ्यांत आधी ते माझ्या हाती पडे. वकील कोर्टाच्या निकालांपलीकडे काही वाचत नसत आणि मुलगा वडिलांपलीकडे काही वाचत नसे. म्हणजे जगात काय चाललंय हे त्या घराला माझ्याच तोंडून कळत होतं. एवढी सत्ता मामलेदाराच्या हातीसुद्धा नसते.

त्या वर्षी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला होता. आमच्या कुलाबा जिल्ह्यात भाताखेरीज बोलायला विषय नाही, आणि रंगूनच्या स्वस्त तांदळानं आमच्या भाताचा भाव पाडला ही तर रोजची रड. तेव्हा मंडळ हे विचारणार हे उघड होतं. खरी गोष्ट अशी होती, की राज्य वेगळं झालं तरी निदान काही वर्षं व्यापार पूर्वीसारखाच बिनजकातीचा चालू ठेवायचा असं ठरलं होतं. मी ते वाचलं होतं. वकिलांनी विचारल्यावर मी खुर्चीत ताठ बसलो आणि म्हणालो, "ब्रह्मदेश आता परका मुलूख झाला, म्हणून त्याच्या तांदळावर शेकडा दहा जकात बसली आहे. त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या भाताला भाव येईल आणि शेतकरी सारा वेळेवर भरील."

काय सुरेख खोटं! त्याला कारण होतं, परिणाम होता, वर सरकारचा फायदाही होता. वकील खूश. "वा! सारा वेळेवर भरील! ऐकलंस का रे?" हे मुलाला.

डेप्युटीसाहेबांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता थांबवली. "असं? माझ्या वाचनात नाही आलं. तुम्ही स्वतः वाचलंत?"

"हो," मी म्हणालो.

"बरं. मंडळही असंच विचारील हं. 'स्वतः वाचलंत?' म्हणून."

त्यानंतर रोज तो प्रश्न झाला. रोज मी ते उत्तर दिलं, आणि रोज थोडं सुधारून दिलं. रंगूनचे गिरणीवाले हवालदिल झाले, पेणच्या व्यापाऱ्यांनी भात दाबून धरलं, असे एकेक बारकावे घातले. रस्त्यानं चालताना मी ते पुटपुटत असे. मुलगा मंडळापुढे हेच म्हणेल, तोंडघशी पडेल, वकिलांची मान खाली जाईल, या कल्पनेनं मला रात्री छान झोप लागे.

मुंबईला जाताना आम्ही दोघं एकाच बोटीत होतो. रेवसचा धक्का मागे पडल्यावर मुलगा माझ्याजवळ सरकून म्हणाला, "अरे, ते जकातीचं... नक्की ना? मला काही ते वाचायला मिळालं नाही."

"अगदी नक्की," मी म्हणालो.

"शेकडा दहा?"

"दहा."

"तुझे उपकार आहेत बाबा," तो म्हणाला, आणि त्यानं आईनं दिलेल्या डब्यातला नारळीपाकाचा लाडू मला दिला. मी तो खाल्ला. लाडवात तूप पुष्कळ होतं.

मंडळात तिघं होते. मधे गोरे अध्यक्ष, एका बाजूला निवृत्त न्यायाधीश, दुसऱ्या बाजूला महसुलातले एक जाडजूड आपल्याकडचे अधिकारी. पहिलं बोलावणं माझं. सगळं इंग्रजीत. चौल कुठे, पूर्वी तिथे बंदर होतं ना, मग ते का बुडालं? मी सांगितलं. खारजमिनीचा बांध भरतीच्या वेळी फुटला आणि गावातले लोक एकमेकांवर ढकलू लागले तर मामलेदार म्हणून काय कराल? म्हटलं, आधी बांध बांधून घेईन, भांडण ओहोटीत सोडवीन. अध्यक्ष हसले. मला पंख फुटले. मग ते महसुलातले गृहस्थ म्हणाले, "तुमच्याकडे भात पिकतं. ब्रह्मदेश वेगळा झाल्याचा त्यावर काही परिणाम?"

सांगतो काय झालं ते. खरं उत्तर मला ठाऊक होतं. अगदी वर्तमानपत्राच्या कुठल्या बाजूला छापलं होतं तेही. पण जीभ ज्या वाटेनं महिनाभर रोज गेली होती त्याच वाटेनं गेली. परका मुलूख, शेकडा दहा, सारा वेळेवर. पेणचे व्यापारीसुद्धा आले. मी स्वतःचं ऐकत होतो, आणि थांबवू शकत नव्हतो. उलट वाक्यं इतकी घोटीव होती, की ऐकून मलाच ते पटू लागलं.

"हे तुम्ही स्वतः वाचलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो सर."

महसुलातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आश्चर्य आहे. ब्रह्मदेशाशी झालेला व्यापाराचा करार आमच्याच खात्यातून गेला. आम्हाला ही जकात दिसली नाही. तुमची खात्री आहे?"

इथेही 'चुकलो' म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण वकिलांच्या पंगतीत 'चुकलो' म्हटलं की हशा मिळत असे, आणि ते मी विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "पूर्ण खात्री आहे."

"थँक यू," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर आलो तर मुलगा कोटाची बटणं लावत उभा. "काय विचारलं रे?"

मी बुडालोच होतो. एकट्यानं बुडण्याची माझी तयारी नव्हती. म्हणालो, "तांदूळ विचारतील. जकात ठोकून दे."

तो आत गेला. मी बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. तिघांचा. माझा जीव हरखला. गेला बेटा!

तो बाहेर आला, घाम पुसत. "विचारलं ना तांदळाचं!"

"मग? सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, शेकडा दहा जकात बसली असं एका मित्राकडून ऐकलंय, मी स्वतः वाचलेलं नाही, तेव्हा खात्रीनं सांगू शकत नाही. ते म्हणाले, 'तुमचा मित्र आत्ता बाहेर गेला तोच का?' मी हो म्हटलं. मग का कोण जाणे, तिघंही हसले. मला म्हणाले, 'मामलेदारानं ऐकीव आणि पाहिलेलं यात असाच फरक केला पाहिजे.' बरं झालं ना?"

बरं झालं. त्याची निवड झाली. माझी झाली नाही, आणि पुढच्या वर्षी माझं वय उलटून गेलं. मी हायस्कुलात मास्तर झालो, लग्न केलं. त्याला मामलेदार मीच केला, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आभार मानतील या भीतीनं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी वकील चौलला आमच्या घरी आले. मोटारीच्या थांब्यापासून पायी, छत्री घेऊन. त्यांच्या धाकट्या मुलाला मंडळाचं बोलावणं आलं होतं. "त्याची तयारी तू घे," ते अंगणातून म्हणाले. "तिथे काय बोलू नये हे तुझ्याइतकं जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही."

मी ओटीवर खुर्चीत बसलो होतो. ते खाली, उन्हात, माझ्यासमोर उभे. इतकी वर्षं मी जे मागत होतो ते देवानं खुर्ची-टेबलाशिवाय का होईना, दिलं होतं. मी मुद्दाम 'या' म्हणालो नाही. 'बसा' म्हणालो नाही. शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि त्यात डोकं घातलं. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. अक्षर कळत नव्हतं, पण सुख असं, की काय सांगू!

तेवढ्यात झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. वकील पायऱ्या चढून, छत्री कोपऱ्यात ठेवून, झोपाळ्यावर बसले होते. पायानं झोका घेत त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, पाणी आण गं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपर ठेव खाली. आणि सांग बघू, तुझ्या त्या जकातीचं पुढे काय झालं?"

मी पेपर खाली ठेवला, आणि कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही.