विषय : विमलला नेत आहे

विमलच्या वडिलांइतका खरं लिहिणारा पालक माझ्या सगळ्या नोकरीत मला भेटला नाही, आणि इतकं डोकं उठवणाराही भेटला नाही. बाकीच्या पालकांशी माझं छान जमायचं, कारण त्यांच्याशी माझा एक न बोललेला करार होता. ते खोटं लिहायचे आणि मी ते खरं धरायचे. माझ्या आठवी ब च्या वर्गात दर सोमवारी निदान चार मुलींना ताप येऊन गेलेला असे. मामाचं लग्न तर एकेका मुलीच्या घरी वर्षातून तीनदा व्हायचं. अर्जाखाली ‘आपली आज्ञाधारक’ असं लिहिलेलं असलं की मी खाली सही ठोकायची, अर्ज फायलीला लावायची आणि पुढच्या धड्याकडे वळायची. गोदावरीकाठच्या आमच्या मुलींच्या शाळेत हे असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा निफाडकडच्या एका खेड्यातून विमल आमच्या शाळेत आली. ती पंचवटीत आत्याकडे राहायची. तिच्या पाठोपाठ तिचे वडील आले आणि माझी शांतता गेली.

गृहस्थ द्राक्षबागाईतदार. पांढरं स्वच्छ धोतर, टोपी, मनगटावर मोठं घड्याळ, आणि आवाज असा की ते फाटकाशी रखवालदाराशी बोलले तरी मला दुसऱ्या मजल्यावर फळा पुसणं थांबवावं लागे. कुठल्याही छापील गोष्टीवर न वाचता सही करायची नाही, असा त्यांचा नेम होता. विमलच्या प्रगतिपुस्तकावर मी ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारला, तर ते सहीविना परत आलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं ते स्वतः आले. समाधान नेमकं कोणाचं झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं, कारण त्यांचं झालं नव्हतं. मी गणितातल्या तिच्या चुका काढून दाखवल्या, तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले की हेच आधी लिहिलं असतं तर एस.टी.चं भाडं वाचलं असतं. पालकसभेत सगळे पालक माना डोलवायचे, हे उभे राहून विचारायचे की पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. ती त्याच आठवड्यात धुतली गेली, हेही सांगायला हवं. माल निघाला की शिक्षकखोलीत द्राक्षांची पेटी यायची, पण ती ठेवताना आधी बजावायचे, “हे सगळ्यांना हाय. मार्काचं याच्यात काय नाय.”

एका ऑगस्टात त्यांचा अर्ज आला. अर्ज कसा लिहायचा हे आम्ही मुलींना पाचवीपासून शिकवतो. ‘प्रति’ लिहायचं, मग वर्गशिक्षिका, इयत्ता, तुकडी, मग विषय, ‘रजा मिळणेबाबत’. पुढे किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कारण, आणि शेवटी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती. विमलच्या वडिलांनी मायना अगदी बरोबर लिहिला होता. विषय मात्र असा होता : ‘विमलला नेत आहे हे कळवणेबाबत’. खाली लिहिलं होतं की पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर घरची सगळी माणसं रामेश्वर-कन्याकुमारीकडे निघणार आहेत, फिरून इथंच परत यायचं रेल्वेचं गोल तिकीट काढलं आहे, परत यायला पुढच्या महिन्याचा मध्य उजाडेल. कोणत्या गावी कोणत्या धर्मशाळेत उतरणार तेही होतं. कारणाच्या जागी ‘फिरायला’ एवढा एकच शब्द होता. शेवटी नम्र विनंती नव्हती आणि ‘आज्ञाधारक’ही नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाले की आज्ञाधारक विमल आहे, ती लिहील, मी तिचा बाप आहे.

माझ्या हातात तीन दिवसांची रजा होती. त्यापुढचा अर्ज माझी शिफारस लिहून मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, पाठवायचा. त्या मंजूर करायच्या तर तीनच कारणांनी : आजार, घरचं लग्न, घरचा मृत्यू. आजार असेल तर डॉक्टरचा दाखला. रजा मंजूर असली की हजेरीपटात नावासमोर ‘र’ पडायचा, नसली की ‘गै’. ओळीनं पंधरा ‘गै’ पडले की नाव पटावरून कमी करायचं, आणि आमच्या शाळेत एका जागेसाठी बाहेर मुली ताटकळत असत. शिवाय ऑगस्टअखेर घटक चाचणी होती. रजा असेल तर ती नंतर घेता येई, नसेल तर सरळ शून्य. विमलचं नाव एकदा गेलं असतं तर ती गावी परतली असती, गावात सातवीपर्यंतच शाळा होती, आणि तिथून पुढे तिचं काय झालं असतं ते कोणाला सांगायला नको.

म्हणून मी त्यांना बसवून घेतलं आणि समजावलं की चुलतभावाचं लग्न लिहा. त्यांनी विचारलं की चुलतभाऊ कोणता, तिचा एकुलता एक चुलतभाऊ रांगतो आहे. मग मी म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत जा, दिवाळीत जा. तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. माल उतरता उतरता मार्च जातो, एप्रिलात छाटणी, मे महिन्यात नवे फुटवे सांभाळायचे, ऑक्टोबरात दुसरी छाटणी आणि दिवाळी फवारणीच्या पंपावर, असा त्यांचा सगळा हिशेब होता. श्रावण-भाद्रपदात बाग जरा दम खाते, तेवढे दिवस मेहुणा फवारणी बघतो म्हणाला आहे. “बाई, तुमच्या सुट्ट्या नोकरदार माणसाकडं बघून काढल्यात,” ते म्हणाले. “आमच्या घरात सगळे एका वेळी मोकळे असे हेच दिवस. ते तुमच्या कॅलेंडरात नाय, त्याला मी काय करू?”

हे ऐकून मला राग आला. राग अशासाठी की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी त्यांना अर्जासकट मोठ्या बाईंकडे घेऊन गेले.

मोठ्या बाई शिस्तीच्या होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि स्वतःच वाट दाखवली. कावीळ लिहा, म्हणाल्या, काविळीला महिना लागतो, कोणीही डॉक्टर दाखला देईल, मी आत्ता सही करते. एका मुख्याध्यापिकेनं याहून जास्त काय करायचं? मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. विमलच्या वडिलांनी मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली.

“पोरगी ठणठणीत हाय,” ते म्हणाले. “तिला कावीळ झाली असं मी माझ्या हातानं लिहू? अन् उद्या ती तुमच्याशी खोटं बोलली, तर तुम्ही मलाच बोलावून घेणार.”

“मग मला नामंजूर करावा लागेल,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“करा. तुमचा हक्क हाय तो. तिची साळा लय वर्षं चालणार हाय बाई. सगळं घर एका गाडीत बसल, असं एवढ्या वर्षात झालं नाय. तेवढं मी बुडवणार नाय.”

नमस्कार करून ते निघून गेले. विमल दाराबाहेर उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. तिला कन्याकुमारीही हवी होती आणि शाळाही. दोन्ही हव्या असणं हा काही गुन्हा नाही, असं मला तेव्हा फार तीव्रतेनं वाटलं. मोठ्या बाईंनी अर्ज माझ्याकडे सरकवला. माझ्या शिफारशीची जागा अजून रिकामी होती, ती तशीच राहू द्या असं त्यांनी सुचवलं, शिफारसच नसली की मंजुरीचा प्रश्न तिथंच मिटेल. मी तिथंच उभी राहून लिहिलं : ‘कारण खरे आहे. शिफारस करते. बुडालेला अभ्यास व चाचणी मी शाळेनंतर भरून घेईन.’ मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि खाली काहीच लिहिलं नाही, मंजूर नाही की नामंजूर नाही. अर्ज टेबलावरच्या वजनाखाली ठेवला आणि मला तास असल्याची आठवण करून दिली.

सोळा तारखेला मी हजेरी घेतली. विमलच्या नावापाशी आले आणि लाल शाईनं ‘र’ घातला. मंजुरी आली नव्हती, पण नकारही आला नव्हता, आणि अर्ज माझ्या वर्गाचा होता. दुसऱ्या दिवशीही घातला. पुढे तर मला त्याची गंमत वाटू लागली. विवेकानंद खडक, रामेश्वरचा पूल वगैरे मनात म्हणत मी रोज ठसठशीत ‘र’ काढायची. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी एकदा पट पाहिला आणि माझ्या नोकरीची काळजी व्यक्त केली. मी त्यांना सांगितलं की माझ्या वर्गातून या महिन्यात एकच अर्ज खरा आला आहे, आणि त्याच मुलीचं नाव मी कमी करणार नाही. माझ्याच तोंडून हे ऐकून मी जरा दचकले, पण बरं वाटलं.

महिनाअखेर हजेरीची बेरीज करून पट सहीसाठी न्यावा लागे. मोठ्या बाईंनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कोणाच्या मंजुरीनं?”

“माझ्या,” मी म्हटलं.

त्यांनी ओळीतले ‘र’ एकेक करून मोजले. मग वजनाखालून अर्ज काढला, त्यावर ‘विशेष बाब’ असं लिहून सही केली आणि पटावरही सही केली. वर म्हणाल्या, “पुढच्या वर्षी द्राक्षांना मे महिन्यात मोकळं व्हायला सांगा.” ते परतल्यावर मी निरोप पोचवला. विमलचे वडील यावर मनापासून हसले आणि म्हणाले की मोठ्या बाई बोलायला चांगल्या आहेत, त्यांना बाग दाखवायला हवी. विमल उन्हानं रापून आली होती. गाडीत रोज एक गणित वडिलांसमोर सोडवायचं, अशी तिला अट होती. वडिलांना त्यातलं कळत नसे, पण उत्तर आल्याशिवाय ते तिला खिडकीशी बसू देत नसत. पुढे दोन आठवडे मी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, मैत्रिणीच्या वह्या उतरवायला लावल्या, चाचणी घेतली. मार्क बरे पडले. या वेळी शेऱ्यात मी कोणाचंही समाधान घातलं नाही.

विमल आमच्याच शाळेतून मॅट्रिक झाली. तिचे वडील गेल्याचं मला फार वर्षांनी कळलं, तेव्हा मी निफाडकडे त्यांच्या गावी भेटायला गेले. विमल सासरहून आली होती, तिच्या दोन मुली अंगणात खेळत होत्या. तिनं सांगितलं की कन्याकुमारीच्या त्या प्रवासानंतर सगळे मिळून पुन्हा कुठेच गेले नाहीत. पुढच्या वर्षी गारपिटीनं बाग झोपली, मग काका वेगळे झाले, मग तिचं लग्न. आबा, म्हणजे तिचे वडील, दर श्रावणात निघायचं म्हणायचे, एवढंच.

“बाई, त्या महिन्यात तुम्ही वर्गात काय काय शिकवलं ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं,” ती म्हणाली. “आता त्यातली एक ओळ आठवत नाही. पण आबा दोन्ही हातांनी धोतर वर धरून समुद्रात उभे होते, आणि आईला बोलावत होते, आणि आई येत नव्हती, ते रोज दिसतं.”

मी तिचा हात हातात घेतला. त्या महिन्यात मी काय शिकवलं होतं, ते मलाही आठवत नव्हतं.