स्वतःचाच नंबर

"बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारत हरीभाऊ खुर्चीतून उठले, तेव्हा सेशन सुरू होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. चूक माझी होती.

मी काउन्सेलर आहे, म्हणजे समुपदेशक. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. दारावर फक्त माझं नाव. त्याखाली काय करते ते लिहिलेलं नाही, कारण लोक लिफ्टमधून बाहेर पडतानासुद्धा आजूबाजूला बघतात. हरीभाऊंचं खरं नाव वेगळं, गावही वेगळं. आपण कळंब म्हणू या. छापायच्या आधी त्यांना सगळं वाचून दाखवलंय. "माझं पोट सुटलंय ते काढा तेवढं," म्हणाले. काढलं.

वय चोपन्न. समुद्राजवळ दोन कॉटेज भाड्याने देतात. शनिवार-रविवार गाणी, पोरांचा गोंधळ, तळलेले बोंबील. सोमवारी सगळं सामसूम. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. छातीत धडधड व्हायची म्हणून ईसीजी झाला, इको झाली, सगळं नॉर्मल. गावच्या डॉक्टरांनी शेवटी चिठ्ठी लिहून दिली, 'काउन्सेलरला भेटा.' ती चिठ्ठी त्यांच्या पाकिटात दोन वर्षं होती. घड्यांवर फाटली होती, सेलोटेप लावून जपलेली. त्या काळात तीनदा माझी अपॉइंटमेंट घेतली आणि तीनदा रद्द केली. एकदा टायर पंक्चर, एकदा पाहुणे, एकदा सरळ "मॅडम, आता बरं वाटतंय." चौथ्या वेळी आले. सोमवारी, सकाळी अकराला, अर्धा तास आधी.

पहिलं सेशन म्हणजे सल्ला नसतो, हे लोकांना पटत नाही. ती तोंडओळख असते. आधी फॉर्म, मग गुप्ततेचं बोलणं, मग त्रास कधीपासून, झोप, भूक, काम, दारू, घरात कोण. पन्नास मिनिटं. गोळ्या मी देत नाही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

फॉर्म त्यांनी भरभर भरला. 'इमर्जन्सी कॉन्टॅक्ट'च्या रकान्यात दहा आकडे होते. मी वर पाहिलं, खाली पाहिलं. तोच नंबर. स्वतःचाच मोबाइल.

"हरीभाऊ, हा तुमचाच ना?"

"हो. काही झालं तर मलाच फोन करा."

"आणि तुम्हालाच झालं तर?"

हसले. मग ते हसणं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. ठसका लागला. आणि तिथेच मी माती खाल्ली. त्यांच्या बोलण्याचा हेल माझ्या ओळखीचा होता. माझं माहेर त्यांच्यापासून दोन गावं पलीकडे. त्यांना सैल वाटावं म्हणून मी एकदम आमच्या घरच्या, पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्या बोलीत शिरले, "थांबा, जरा पानी प्या."

ते ताठ झाले. "बाई, तुम्ही कुठल्या?"

मी माहेरचं गाव सांगितलं. ते उठले.

"मग नको. एवढा लांब आलो तो कोणी ओळखू नये म्हणून. तुमच्या आईला कळलं की माझ्या चुलतीला कळलं."

हात दाराच्या कडीवर. दोन वर्षं, तीन रद्द अपॉइंटमेंट, आणि हा माणूस माझ्या एका वाक्याने परत चालला होता. हे गेले तर पुन्हा येणार नाहीत, एवढं मला कळत होतं.

"हरीभाऊ, चुकलं माझं," मी प्रमाण मराठीत आले. "जायचं तर जा, अडवणार नाही. पार्ल्याला एक सर आहेत, गावाशी काही संबंध नाही, त्यांचा नंबर देते. पण एवढं ऐका. तुम्ही इथे येता हे माझ्या नवऱ्यालाही कळणार नाही. अपवाद मोजके. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला, लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, किंवा कोर्टाने मागितलं तर. आणि तेही शक्यतो तुम्हाला आधी सांगून."

"आणि लग्नात-बिग्नात भेटलात तर?"

"मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तरच बोलेन."

त्यांनी कडी सोडली नाही, उघडलीही नाही. आमच्या कामात गप्प बसणं सगळ्यात अवघड, तोंड नुसतं शिवशिवतं. मग ते परत आले, बसले आणि पाणी प्यायले.

"गावाची भीती आहेच," ते म्हणाले. "पण खरं सांगू? तसं बोलणं घरात तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. ती गेल्यापासून. मुलगी इथेच नायगावला असते, ती शहरातलं बोलते. गेस्ट हिंदीत बोलतात. रविवारी चेकआउट झालं की मी गेस्टच्याच खोलीत जाऊन बसतो. चादरी चुरगळलेल्या असतात. कोणीतरी होतं असं वाटतं. मंगळवारपर्यंत मी त्या धुवायला टाकत नाही."

ते रडले. रुमाल काढला नाही, शर्टाच्या बाहीलाच डोळे पुसले. मीही आतून हलले होते, ते दाखवायचं नसतं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नवीन काउन्सेलर घाबरतात. विचारल्याने डोक्यात भलतं येतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. सरळ विचारायचं. "जीव द्यावा असं मनात येतं का?"

"द्यावा असं नाही. पण सकाळी जाग आली नाही तरी चालेल, असं येतं."

"कसं करायचं, कधी, असं काही ठरवलंय? पूर्वी कधी प्रयत्न?"

"नाही. आईशपथ."

म्हणजे आजच धोका नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. आम्ही एका कार्डावर लिहिलं: तसा विचार वाढतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन, हेल्पलाइन कुठली. 'कोणाला' पाशी पेन थांबलं.

"मुलीला काय सांगू?"

"आज सगळं नको. 'बाबा एकटे पडलेत' एवढं सांगता येईल?"

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "अगं, मी नायगावला आलोय... नाही, काम नाही. जेवायला येऊ का?" पलीकडे ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला, फॉर्म पुढे ओढला, स्वतःचा नंबर खोडला आणि तिचा लिहिला.

आमच्यातही सीनियरपाशी जाऊन आपलं काम, नाव न घेता, उलगडून दाखवायची पद्धत असते. त्याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या मॅडमनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "घरची बोली तू त्याच्यासाठी काढलीस, की तुझ्यासाठी?" मला राग आला. मग आठवलं, आई गेल्यापासून मीही ती कुणाशी बोलले नव्हते. नवरा नागपूरचा. हरीभाऊंना म्हटलेल्या त्या तीन-चार शब्दांत माझीच तहान होती.

ते चौदा सोमवार आले. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्याही काही महिने घेतल्या. चादरी रविवारीच धुवायला जायला लागल्या. मग आम्ही दोघांनी ठरवून थांबवलं.

परवा माहेरच्या एका लग्नात ते पंगतीत वाढत होते. मी शब्द दिला होता, त्यामुळे पत्रावळीकडे बघत बसले. पाण्याचा जग घेऊन ते माझ्यापाशी थांबले.

"पानी घ्या, बाई."

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ओळखतेस काय याला?"

मी मान हलवली, नाही म्हटलं. ते माझा ग्लास काठोकाठ भरून पुढे गेले. मी सगळा प्यायले.