नागोबाची स्वारी

आख्ख्या सांगलीत माझ्यासारखी गाणी जुळवणारा दुसरा गडी नव्हता. त्यातल्या एका गाण्यापायी सा वर्साची पोरगी मरता मरता वाचली, त्येच आज सांगतो.

चाळीस सालानंतरची गोष्ट. सांगलीजवळच्या एका कारखान्यात मी वायरमन मिस्त्रीच्या हाताखाली हुतो. शिडी धरायची, तार वडायची, शिव्या खायच्या. कामगारांच्या वसाहतीत नुकतीच वीज आली हुती. पावसाळ्याच्या तोंडाला मिस्त्री म्हणाला, "पोरांना समजावून सांग रं. पाटी लावून उपेग न्हाई, वाचतंय कोण?"

मला तरी कुठं वाचाय येत हुतं! मी आपली गाणी जुळवली. पोरं माझ्यामागनं नाचत म्हणायची:

वला हात, उघडं पाय,
बटनापाशी जायाचं न्हाय.

खांबाला शेरडू, ताणाला दोरी,
बांधंल त्येची अक्कल कोरी.

ताण म्हंजी खांब तोलून धरणारी तिरकी तार. आन् माझं सगळ्यात लाडकं:

तुटकी तार पडली खाली,
नागोबाची स्वारी आली.

मिस्त्रीनं इचारलं, "लांब ऱ्हावा, असं कुठं हाय ह्यात?"

मी म्हणालो, "नाग म्हटल्यावर जवळ कोण जातंय मिस्त्री? आमच्या साताऱ्याकडं नुस्तं जनावर म्हटलं तरी माणूस माळ्यावर चढतंय."

वसाहतीतली निम्मी माणसं शिराळ्याकडची, ह्ये माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई.

नागपंचमीच्या सकाळी वारं सुटलं. पाऊस तर चार दिवस हटलाच नव्हता. लिंबाची फांदी मोडून तारंवर पडली आन् तार तुटून गवतात आली. मी आन् मिस्त्री पळत गेलो. बघतो तर वल्या गवतात तार फुसफुस करतीया, वाफा निघत्यात. तार भुईला लागली म्हंजी दर येळी फ्यूज उडतोच असं न्हाई. हितं उडला नव्हता.

मिस्त्री म्हणाला, "मी मेन वडून येतो. कुणाला फुडं सोडू नगंस. तूबी लांबच ऱ्हा, भुई वली हाय." आन् त्यो कारखान्याकडं पळाला.

मी ह्या अंगाला उभा. घरं तारंच्या पल्याड. तिकडनं चार-पाच पोरी आल्या. नवं परकर, डोक्यावर पोती. फुडच्या पोरीच्या हातात दुधाची वाटी.

"थांबा!" मी वरडलो. "फुडं येऊ नगासा!"

ती पोरगी हसून म्हणाली, "भ्या नगासा मामा! नागोबा आल्यात. दूध ठिवतो आन् जातो."

माझंच गाणं म्हणत येत हुत्या की वं सगळ्या! आन् तार फुसफुसतीया म्हटल्यावर त्यांची खातरीच पटली. शिराळ्याची पोरं ती. नागाला त्यांनी हात जोडल्यालं, कवा पाठ दावलेली न्हाई.

"आगं, त्यो नाग न्हाई, तार हाय ती!"

"तुमीच म्हणला की नागोबा!"

एक पाऊल. आनी एक. पाय उघडं, गवत वलं, हातात पितळंची वाटी. तार मधी, मला सरळ जाता येईना. लांबचा वळसा घालून त्यांना आडवावं म्हणून मी जीव खाऊन पळालो, आन् पाच ढांगांत पाय घसरला. धाडदिशी पालथा पडलो. तोंड चिखलात, टोपी गटारात.

पोरी खिदळाय लागल्या. फुडची वळून माझ्याकडं बघाय लागली. पाय थांबलं तिचं.

मग मी उठलोच न्हाई. म्हशीगत लोळाय लागलो. उठायचं सोंग करायचं, पुन्यांदा आपटायचं. पोरी हसत्यात, मी चिखल थुकत तिच्या पायाकडं बघतोय. वाटी कलली, दूध सांडलं. ते बघाय ती वळती का काय म्हणून मी मोठ्यांदी रेड्यागत हंबरलो.

तेवढ्यात फुसफुस थांबली. तरीबी मी लोळतच ऱ्हायलो. कुणी सांगावं, गेली वीज परत आली तर?

मिस्त्री पळत आला. "मेन वडलाय. फ्यूज काढून खिशात घातलंत. आन् तू काय करतूयास रं हितं?"

मग कुठं मी उठून बसलो आन् घडल्यालं सगळं सांगितलं.

हसण्याचा आवाज ऐकून पोरीची आजी बाहीर आली हुती. सगळं ऐकून तिनं आदी पोरीला पोटाशी धरलं. मग माझ्याकडं वरपासनं खालपतोर बघितलं.

मी म्हणालो, "म्हातारे, चुकलं माजं. आता गाणं बदलून जुळवतो."

"कशाला?" आजी म्हणाली. "तुटकी तार दिसली तर लांब पळा, न्हाईतर मरशीला, एवढं सरळ सांगा की! आन् गाणी सोडून द्या. तुमाला नुस्तं पडाय येतंय."