अर्ध्या इंचाचा हिशोब

काशीत आमच्या दुर्गाघाटच्या घरात वडिलांची, अण्णांची, खोली वरच्या मजल्यावर होती. एका पावसाळ्यात गंगा खालच्या मजल्यात शिरली आणि ओल वर चढली. पाणी ओसरल्यावर अण्णांच्या खोलीतला जुना चुन्याचा गिलावा सुटून पडू लागला. अण्णांना दमा. सकाळी उशीवर भुकटी आणि छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, या खोलीत ते जगणार नाहीत. खाली चिखल, वर भुकटी. मग दादा त्यांना आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला.

दादा रेल्वेत इमारतींच्या कामावर होता. त्याचं क्वार्टर गंगेपलीकडे. पलीकडे मेला तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण अण्णांचा होता, आणि जन्मभर यजमानांना काशीतल्या मरणाचं पुण्य सांगणाऱ्या माणसाला या वयात नदीपार नेऊन ठेवलं, हे मला सहन होत नव्हतं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "खोली लवकर करा गं."

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. किती पोती लागणार हे अर्जात लिहायचं, मंजूर होईल तेवढंच उचलायचं आणि कमी पडलं तर पुन्हा रांगेत. चुन्याचं काम करावं असं मी सुचवलं. दादा म्हणाला, ओलीत चुना धरायला फार वेळ घेतो, अण्णांना तेवढा वेळ नाही. हे त्याचं बरोबर होतं.

त्याने टेप लावला, दारं-खिडक्या वजा केल्या. चारी भिंती मिळून सव्वाचारशे चौरस फूट. जाडी अर्धा इंच. म्हणजे ओला माल साधारण अठरा घनफूट. कोरडा माल कालवल्यावर बसतो, म्हणून एक तृतीयांश वाढवायचा. एकास सहाचं मिश्रण, म्हणजे त्यातला सातवा भाग सिमेंट. एका पोत्यात सव्वा घनफूट. तीन पोती पुरली असती, सांधे आणि सांडलवंड धरून त्याने चार लिहिली. मला तोंडी समजावताना त्याचा चेहरा खुलला होता. गणितात चूक नव्हती. चूक त्या अर्ध्या इंचात होती. तो रेल्वेच्या नव्या, ओळंब्यात उभ्या केलेल्या भिंतींचा अर्धा इंच होता.

पोती आली, मिस्त्री आला. जुना गिलावा खरवडला, विटा धुतल्या, दोरी ताणली. तेव्हा भिंतीचं पोट दिसलं.

"बाबूजी, दीवार तो पेट निकाले है. कहीं पौन इंच, कहीं डेढ़. आधे इंच में कैसे होगा?"

दादा दोरीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "जितना लगे, लगाओ. जहाँ मोटा है, दो हाथ में."

तीन भिंती झाल्या आणि सिमेंट संपत आलं. राहिली नदीकडची, सगळ्यात फुगीर आणि सगळ्यात जास्त झडणारी. अण्णांची खाट तिलाच लागून असायची. मिस्त्री वाळूच्या ढिगाकडे बघत सहज म्हणाला, "बालू बढ़ा दें? एक पे बारह. काम तो निकल जाएगा."

"बारा?" दादा म्हणाला. "हात लावला की गळेल. पुन्हा तीच भुकटी त्यांच्या छातीत."

"गळू दे!" मी ओरडले. "चार महिन्यांनी गळेल ना? तोवर ते इथे तर असतील. नाहीतर भिंतीला चादर लाव, पण त्यांना आण."

"दमेकरी माणूस आहे तो. दुसरं परमिट आठवड्यात आणतो. कच्चं काम मी बापाच्या उशाशी करणार नाही."

मला त्याच्या त्या पक्क्या कामाचा इतका राग आला की मी घमेलं लाथाडलं. त्याने ते उचलून ठेवलं. नंतर मी रोज त्या तीन भिंतींवर पाणी मारत राहिले. परमिटचा आठवडा लांबत गेला.

अण्णा पलीकडेच गेले. शेवटी त्यांनी विचारलं, असं वहिनी म्हणाली, "भिंत वाळली का?" दादा हो म्हणाला. त्यांना पुलावरून दहनाला मणिकर्णिकेला आणलं. खोलीपर्यंत आणलं नाही.

परमिट आलं. दादाने त्यावरचं सिमेंट उचललंच नाही. मी म्हटलं, घे आता, संपव एकदाचं. त्याने परमिटची घडी करून खिशात ठेवली.

रिटायर झाल्यावर तो वहिनीसह या घरी राहायला आला. तीन भिंती अजून टणक आहेत, एक भेग नाही. चौथीच्या विटा उघड्याच आहेत. त्याने आपली खाट तिलाच लागून घातली. आता त्यालाही खोकला आहे. खाट सरकव म्हणून मी कितीदा भांडले. तो ऐकत नाही. सकाळी उठतो, उशीवरची लाल भुकटी तळहाताने झाडतो आणि खोकत माझ्याकडे चहा मागतो.