बनाबाईचा जड हात

"बनाबाईचा हात जड आहे," असं आता कुणी माझ्यासमोर म्हणालं, तर मी त्याला दुकानाची पायरी उतरायला लावीन. आधी असं नव्हतं. आधी मीही मान डोलवायची.

शाहूपुरीत माझं लोकर आणि सुताचं दुकान आहे. दोन गल्ल्या सोडून वर्षाराणी विणकामाचा क्लास घेते. मांडीवर मावेल एवढी लाकडी चौकट, वरच्या-खालच्या पट्टीला ओळीनं बारीक खिळे, त्यांवरून उभे दोरे, म्हणजे ताणा. त्यातून आडवा दोरा खालवर घालत आसनं नि भिंतीवरच्या पट्ट्या विणायच्या. बनाबाई तिथं झाडलोट करायची आणि सगळ्यांचे ताणे घालून द्यायची. मूळची शाहूवाडीकडची, निम्मं आयुष्य भातलावणीत गेलेलं. लेक बाबासो इथं नोकरीला लागला, म्हणून त्याच्यामागं आली.

ताणा घालावा तो तिनंच. पहिल्या खिळ्याला गाठ मारून दोरा खाली-वर, खाली-वर नेताना ती कुठंही हिसका द्यायची नाही आणि कुठं ढिलाही सोडायची नाही. कडेचा दोरा दुहेरी घ्यायची. सगळं झालं की तळहात ताण्यावरून फिरवायची. एखादा दोरा मऊ लागला, तर तिथपासून उकलून पुन्हा घालायची. कंटाळा हा शब्दच तिला ठाऊक नव्हता. मला मात्र नुसतं बघून कंटाळा यायचा.

पण स्वतः विणायला बसली की घोटाळा. सुरुवातीची चार बोटं सरळ जायची, मग दोन्ही कडा हळूहळू आत यायला लागायच्या. शेवटी टोकं रुंद आणि मधे कंबर.

"आसन विणलंय का डमरू?" मीच तिची थट्टा करायची. ती हसायची, पण घरी जाऊन ते उसवायची. तीन वर्षांत किती उसवली, देव जाणे.

थट्टा नव्हती हो ती तिच्यासाठी. बाबासो तापानं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा ती दत्ताला बोलली होती, 'पोरगं उठलं की माझ्या हातानं इनलेलं आसन वाडीला वाहीन.' पोरगं उठलं, कामावर गेलं, त्याचं लग्न झालं. नृसिंहवाडीचं आसन मात्र तसंच राहिलं. वर्षाराणी म्हणाली, "मावशी, माझ्यातलं एक घेऊन जा की." बनाबाईनं कानाला हात लावला. "माझ्या हातानं म्हनलोय मी. वाकडं त्याच्या पायाशी ठिवायचं न्हाय आन् दुसऱ्याचंबी न्हाय."

कडा का आत येतात, हे तिनं वर्षाराणीला शंभरदा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं. "रोपं लावून लावून हात जड झालाय मावशी तुमचा. तुम्ही ताणाच घाला, तो तुमच्यासारखा कुणाला येत नाही." बनाबाईनं ते खरं मानलं. चारचौघांत आपला हात पदराखाली घ्यायला लागली. शिकवणाऱ्या बाईचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार?

नवी बॅच सुरू व्हायची त्या दिवशी वर्षाराणी तिला हमखास माझ्याकडं लोकर आणायला धाडायची. मी चहा टाकायची. तास-दीड तास गप्पा व्हायच्या. मग बनाबाई पिशवी घेऊन परतायची, तोवर पहिला धडा संपलेला असायचा.

गेल्या माघात एकदा भाच्याच्या लग्नाला म्हणून मी दुकान बंद ठेवलं, वर्षाराणीला कळवायचं राहूनच गेलं. बनाबाई कुलूप बघून तशीच माघारी गेली. जिन्यात पोचली तर वरून वर्षाराणीचा आवाज. तेजस्वी नावाच्या नव्या मुलीनं नेमकं तेच विचारलं होतं, कडा का आत येतात, आणि वर्षाराणी सांगत होती, "आडवा दोरा सरळ ताणून घालायचा नाही. मधे डोंगरासारखा चढवून ठेवायचा, मग फणीनं खाली ठोकायचा. ठोकला की तो उभ्या दोऱ्यांच्या खालून-वरून वळतो, तिथं त्याला लांबी लागते. ती दिली नाही, तर तो कडा ओढून घेतो. आणि वळताना कडेचा दोरा बोटानं धरायचा. विणत वर जाल तसा ताणा घट्ट होत जातो, म्हणून वर डोंगर जास्त जपायचा."

तीन वर्षं. आणि त्या मुलीला पहिल्याच तासाला.

बनाबाई आत गेली. काय झालं ते तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. आवाज चढवला नव्हता तिनं, आणि तेच मला जास्त लागलं.

"मी म्हनलं, मॅडम, माझा हात जड हुता न्हवं? तर त्यांनी खाली बघितलं. मग म्हनल्या, मावशी, तुमास्नी शिकवलं असतं तर तुम्ही ऱ्हायला असता का? माझे ताणे कुणी घातलं असतं?" तिनं आपले दोन्ही तळवे पुढं धरले. "वैनी, भाताची वळ कधी वाकडी गेली न्हाय माझी. दोरी न लावता लावत हुतो आमी. आन् मी माझ्याच हाताला शिव्या दिल्या की वो, तीन वर्सं."

तिनं स्वतःची चौकट आणली होती. माझ्या दुकानातल्या बाकावर बसून तिनं ताणा घातला. खाली जाड सुताच्या दोन ओळी भरून पाया सारखा केला. आसनाच्या रुंदीएवढी एक काडी मोडून घेतली. मग आडवा दोरा डोंगरासारखा चढवायचा, ठोकायचा, दर चार बोटांनी काडी लावून बघायची. एकदा कड सुताभर आत आली. तिनं चार ओळी उसवल्या आणि डोंगर थोडा उंच घेतला. पंधरा दिवस दुपारी येऊन बसायची. भगव्या लोकरीची कड पट्टी लावल्यासारखी सरळ वर चढत होती. गिऱ्हाइकं थांबून बघायची. मी मात्र तिच्याकडं न बघता लोकरीच्या लडी रचत बसायची.

कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. प्रत्येक नव्या बॅचला वर्षाराणीचा मला फोन यायचा. "मावशींना जरा बसवून ठेवा, चहा पाजा." पहिल्यांदा मला वाटलं, किती जीव लावते! मग एकदा मीच म्हणाले, "अगं, आज पहिला धडा ना? ऐकू दे की तिलाही." ती हसून म्हणाली, "मावशी शिकल्या तर उद्या टिकतील होय माझ्याकडं?" मीही हसले. वर्षाराणी माझं मोठं गिऱ्हाईक. त्यानंतरही मी चहा टाकत राहिले, अगदी दोन वर्षं.

शेवटची ओळ ठोकून तिनं आसन खिळ्यांवरून उतरवलं. चारही कोपरे जुळवून दुमडलं, कडेला कड बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

बनाबाईनं त्या आसनाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं.

"तुमालाबी ठावं हुतं तर," एवढंच म्हणाली.

पौर्णिमेला ती वाडीला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तिनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला. आता ती घरीच विणते, कामं मिळतात, लोकर माझ्याकडूनच नेते. रंग विचारते, सुनेचं सांगते, बाबासोचं सांगते. तिला बघितलं की मी अजूनही सवयीनं स्टोव्ह पेटवायला वळते.

"नगं वैनी," ती म्हणते. "च्या नगं."