डागमावशीचा चांदीचा डबा

गल्लीत कुणाच्या कपड्यावर डाग पडला की तो लाँड्रीवाल्या मावशीकडे धावे. शाई, गंज, लिपस्टिक, तिच्यापुढे काही टिकत नसे. म्हणून नाव पडलं डागमावशी. (लिपस्टिकमुळे तिला निम्म्या गल्लीची भानगड ठाऊक होती, तो भाग वेगळा.)

पण मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांवर धुकं धरलं. वकिलाची कॉलर इस्त्रीखाली जळाली आणि गिऱ्हाइकं गळू लागली. ऑपरेशन तर हवंच, आणि घरात विकण्याजोगा एकच ऐवज: आईचा चांदीचा डबा, काळा ठिक्कर पडलेला.

भाच्याने फोटो काढून जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पाठवले. त्याचा लगेच फोन.

"मावशी, आधी सोनाराकडे नेऊ नका. तो मोडीचा भाव देईल, नुसत्या चांदीच्या वजनाचा. तळाशी कारागिराचा शिक्का दिसतोय, आत सोन्याचा मुलामा, झाकणावर नक्षी. अस्सल निघाला तर मोडीच्या सहापट देईन. फक्त आहे तसा आणा."

"दोन्ही डोळे झाले म्हणून समज," भाचा म्हणाला.

"आहे तसा म्हणे!" मावशी पुटपुटली. "असलं ध्यान घेऊन परक्याच्या दारात जाऊ? लोक म्हणतील, दिव्याखाली अंधार."

भाचा घरी गेला आणि मावशीने पावडर, तारेची घासणी काढली. डबा लखलखला. तळाचा एक डाग मात्र बोटाला खडबडीत लागत होता. दिसत तर नव्हताच. शेवटी काचकागदाने घासला, तेव्हा गेला.

व्यापाऱ्याने भिंग लावलं, डबा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"तळाशी काहीतरी होतं ना?"

"मेला हट्टी डाग होता," मावशी तोऱ्यात म्हणाली. "पण गाठ माझ्याशी होती."

"तोच शिक्का होता, मावशी. नक्षीही बोथट केलीत, मुलामा तर धुऊनच काढलात."

"फोटो आहेत की!" भाचा कळवळला.

"मग फोटो विका."

शेवटी सोनारच. त्याने मशीनवर चांदीचा कस पाहिला, बिजागरीतली लोखंडी सळई काढली, डबा काट्यावर ठेवला.

"भाव ठरल्याशिवाय वितळवू नका," भाच्याने एकदाचं शहाणपण दाखवलं.

"वितळवल्यावर थोडी तूट जाणार, ती धरूनच सांगतो," सोनार हसला. "आणि घासायचे कष्ट कशाला घेतलेत? माझ्या काट्याला काळं-गोरं कळत नाही."

पैसे एका डोळ्यापुरते निघाले.

पट्टी सुटली तेव्हा मावशीने आधी तो फोटो मागितला. डब्याच्या तळाशी, शिक्क्यात, नखाएवढा पक्षी होता, पिसं मोजता यावीत इतका स्वच्छ. तिने सवयीने अंगठ्याने फोनचा पडदा पुसला. पक्षी जागचा हलला नाही.

"दुसरा डोळा कधी करणार?" शेजारणीने नको तेव्हा विचारलंच.

"राहू दे," मावशी म्हणाली. "जे बघायचं ते एकानेच दिसलं."

मग उठून इस्त्री तापत ठेवली. वकिलाने मात्र कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली होती.