दोनदाच बदलता येणारं नाव

सातपूरच्या कामगार वस्तीत उज्वलाताईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान अकरा वर्षं चालू होतं. पोर्टल अडकलं, नाव जुळेना, ओटीपी येईना, की लोक म्हणायचे, ताईंकडे जा. दीड वर्षापूर्वी छायाने दोन गल्ल्या सोडून तेच दुकान थाटलं. ही छाया चार वर्षं ताईंच्याच शेजारच्या खुर्चीवर बसून काम शिकली होती. तिच्या दुकानाला काचेचं दार होतं, थंड पाण्याचा जार होता आणि बोलण्यात गोडवा होता. ताई रोज मुद्दाम त्याच गल्लीने घरी जायच्या, बाहेरच्या चपला नजरेने मोजायच्या, आणि मग जेवण गोड लागायचं नाही.

एका दुपारी भागीबाई झेरॉक्स काढायला आली. ती पेठ तालुक्यातली, इथे एका कारखान्यात झाडूकाम करायची. पूर्वी प्रत्येक कागदासाठी ताईंकडे यायची. आता हातात छायाच्या दुकानाची पिशवी होती.

"तिचं मशीन बंद हाय," भागीबाई ओशाळून म्हणाली. "योजनेचे पैसे येत नाय. बँकेत आधार जोडायला गेले तर म्हनतात नाव जुळत नाय. छायाताईनं आधारावरचं नाव बदलायचा फॉर्म भरलाय. उद्या अकराला आधार केंद्रात बोलावलंय."

ताईंनी कागद काचेवर ठेवले. पासबुकावर 'भागीबाई काळू', म्हणजे लग्नाआधीचं, वडिलांचं नाव. आधारवर 'भागीबाई भिका', नवऱ्याचं. छाया आधारवर पुन्हा वडिलांचं नाव लावायला निघाली होती. ताईंच्या लगेच लक्षात आलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि भागीबाईचं एकदा लग्नानंतर बदललेलं होतं, तो फॉर्म ताईंनीच भरून दिला होता. उद्या दुसरी संधीही जाणार. वर रेशनकार्ड, मतदान कार्ड सगळं नवऱ्याच्या नावाने. बँकेशी जुळवताना बाकी सगळं फिसकटणार. बदलायला हवं होतं ते बँकेतलं नाव.

ओठांवर आलेले शब्द ताईंनी गिळले. छायाकडे गेलीस ना, मग घे. होऊ दे घोळ. वस्तीलाही कळू दे, गोड बोलणं वेगळं आणि काम येणं वेगळं.

"पाच पानं. दहा रुपये," त्या म्हणाल्या.

भागीबाईने पैसे दिले आणि जाता जाता विचारलं, "तुमी बघितले ना कागद? बरोबर हायेत?"

ताईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पण भागीबाई निश्चिंत होऊन गेली.

संध्याकाळभर ती मान त्यांना छळत राहिली. सकाळी साडेदहाला त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि छायाच्या दुकानात शिरल्या. आत भागीबाई, तिचा मुलगा सुनील आणि आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. ताई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "चार वर्षं काय शिकलीस गं माझ्याकडे? आधारवरचं नाव दोनदाच बदलतं, हे विसरलीस?"

छायाने कागद पुन्हा पाहिले. तिचा चेहरा उतरला. पण ती भांडली नाही. "ताई, आधी एकदा बदललंय हे मी विचारलंच नाही. बरं झालं आलात. आता काय करायचं, सांगा."

ताईंनी भांडायची बरीच तयारी केली होती, ती वाया गेली. त्या कोरडेपणाने सांगू लागल्या. "बँकेत नाव बदलायचा अर्ज दे. सोबत आधार आणि लग्नाचा दाखला. नाव बदललं की आधार सीडिंगचा, म्हणजे खात्याला आधार जोडायचा, संमती अर्ज. नुसती आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही, सरकारी पैसे त्या खात्यात यायला हवेत असं लिहून द्यावं लागतं. मग आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघ. ओटीपी सुनीलच्या फोनवर येईल, आधारला त्याचाच नंबर जोडलाय."

ग्रामपंचायतीतून दाखला आणायला सुनील गावी जाऊन आला. बँकेत छाया स्वतः भागीबाईबरोबर दोनदा गेली. ताई गेल्या नाहीत. दहा-बारा दिवसांनी साइटवर बँकेचं नाव आणि पुढे 'ॲक्टिव्ह' आलं, आणि पुढच्या वेळी हप्ता खात्यात पडला.

भागीबाई नागलीचं पीठ घेऊन ताईंकडे आली. "छायाताई म्हनली, उज्वलाताईंमुळं वाचलीस. आधी त्यांच्याकडं जा."

ताईंनी पीठ घेतलं. छायाने श्रेय लाटलं असतं तर किती सोपं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. तिच्यावर मनसोक्त चिडता आलं असतं.

"त्या दिवशी मी मान हलवली होती ना," त्या एकदम म्हणाल्या, "तेव्हा मला माहीत होतं, कागद चुकलेत."

भागीबाईने विचारलं, "मंग सांगितलं का नाय?"

"तू तिच्याकडे गेलीस म्हणून."

भागीबाई जायला वळली. मग म्हणाली, "ती बसायला सांगते, ताई. तुमी नाय सांगत." आणि निघून गेली.

आता नावाचा गुंता असला की छाया माणसं ताईंकडे धाडते. ताई त्यांचं काम चोख करतात, बसायलाही सांगतात. फक्त कुणी "छायाताईंनी पाठवलं" म्हणालं, की त्यांचा हात कीबोर्डवर क्षणभर थांबतो.